पीएफ युनिफॉर्मच्या युनिटमध्ये घालण्याआधी एक हंगाम

"नमस्कार ताई. माझं वय ५१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात २४ वर्षं झाली, सध्या सुपरवायझर आहे. हातात ४६ हजार येतात, त्यात बेसिक-डीए २४ हजार. पीएफ १७ लाख, एफडी ४ लाख. घराचं कर्ज ५ लाख बाकी, हप्ता साडेनऊ हजार. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, अजून दोन वर्षं, वर्षाला दीड लाख जातात. घरखर्च २४ हजार. मिसेस घरी ब्लाऊज शिवते. कारखान्यात २९ वर्षांचा नवीन मॅनेजर आलाय, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, मला कुणी काही विचारत नाही. मित्राचं शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे. १५ लाख घाल आणि निम्मी भागीदारी घे म्हणतो. नोकरी सोडून पीएफ त्यात घालू का? आत्ता नाही तर कधी?"

नमस्कार. आत्ता नोकरी सोडू नका, आणि पीएफचा एकही रुपया त्या युनिटमध्ये घालू नका. धंद्याला माझी ना नाही. तुमच्या "कधी?" ला खरोखर एक तारीख आहे आणि ती आपण हिशेबानेच काढू. पण त्याआधी पैशाला बाजूला ठेवून थोडं बोलायला हवं, कारण पत्रातलं मला सर्वांत जड वाटलेलं वाक्य पैशाचं नाही. "मला कुणी काही विचारत नाही" हे आहे.

डोनाल्ड सुपर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात माणसाच्या कामाच्या आयुष्याचे टप्पे मांडले. बालपण सोडलं तर ते चार. आधी शोध, साधारण पंचविशीपर्यंत. मग बस्तान बसवणं, पंचेचाळिशीपर्यंत. मग टिकाव, आणि पासष्टीच्या पुढे निरवानिरव. ही वयं तिकडच्या नोकरदारांवरून आली आहेत. आपल्याकडे चौदाव्या वर्षी मागावर उभ्या राहिलेल्या पोराला शोध घ्यायला कुणी वेळ दिलेला नसतो, आणि आपली निवृत्ती ५८ ला येते. म्हणून वयाचे आकडे मी सैलच धरते. पण सुपर यांनी पुढे एक गोष्ट जोडली, ती तुमच्यासाठी मोलाची आहे. माणूस कोणत्याही वयात नवीन काम धरतो तेव्हा तो पुन्हा शोधापासून सुरू करतो आणि एक छोटं चक्र नव्याने फिरतो. टॉवेलमधली तुमची २४ वर्षं युनिफॉर्ममध्ये तशीच्या तशी जमा होत नाहीत. कापड तुम्हाला कळतं, माणसं हाताळता येतात. पण कटिंग, साइजचं गणित, शाळेकडून ऑर्डर मिळवणं आणि दुकानदाराकडून उधारी वसूल करणं, यात तुम्ही नवखे आहात. मित्राचा प्रस्ताव मात्र तुम्हाला शोधाचा टप्पा गाळून थेट बस्तानावर नेतो, आणि तेही निरवानिरवीसाठी साठवलेल्या पैशावर. माझा आक्षेप एवढाच आहे.

आधी बघू, ही हाक धंद्याची आहे की टिकावाच्या टप्प्यातली घुसमट आहे. टिकाव म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. सुपर यांच्या मांडणीत त्यात तीन कामं येतात: मिळवलेली जागा राखणं, स्वतःला अद्ययावत ठेवणं, आणि त्याच कामात नवं काही काढणं. तुम्ही पहिलं काम चोख केलंत. दुसरं राहून गेलं, आणि नव्या मॅनेजरमुळे ते एकदम उघडं पडलं. तेव्हा एका रात्री शांत बसून वहिनींसमोर या प्रश्नाचं उत्तर द्या: उद्या मालकाने याच पगारात तुम्हाला एक्स्पोर्टच्या ग्राहकाच्या ऑडिटची आणि क्वालिटीची सगळी जबाबदारी दिली, तरी युनिफॉर्मचं युनिट हवंसं वाटेल का? "मग कशाला सोडू" असं मन म्हणालं, तर तुम्हाला धंदा नको आहे, मान हवा आहे. तो १५ लाखांपेक्षा खूप स्वस्तात मिळतो. कारखान्यातलं सॉफ्टवेअर त्याच पोराकडून दोन-तीन महिन्यांत शिकता येतं. त्यालाही धाग्यातला, पाइलमधला, डाईंगच्या शेडमधला दोष नजरेने ओळखणारा माणूस लागतोच; फक्त ती नजर त्याला स्क्रीनवर नोंदलेली हवी आहे. उत्तर "तरीही हवं" असं आलं, तरच पुढचं वाचा.

मित्र १५ लाख म्हणतो. तुमच्या घराच्या बाजूने बघितलं तर किंमत तेवढीच नाही, जास्त आहे. घरखर्च २४ हजार, हप्ता साडेनऊ, मुलीचे महिन्याला साडेबारा: बरोबर ४६ हजार. पगारातून काहीच शिल्लक पडत नाही. नवीन भागीदाराला घरी नियमित रक्कम नेता येण्याआधी दोन वर्षं तरी जातात असं मी धरते, कारण युनिफॉर्मचा पैसा हंगामी असतो. जूनमध्ये शाळा उघडतात. त्याआधी काही महिने कापड घ्यावं लागतं, शिलाई द्यावी लागते, आणि माल गेल्यावरही वसुली लगेच होत नाही. दोन वर्षं घराला लागणारे पैसे ११ लाख होतात. म्हणजे खरी किंमत २६ लाख. तुमच्याकडे पीएफ, एफडी आणि आज सोडली तर मिळणारी साधारण ३ लाख ३२ हजारांची ग्रॅच्युइटी धरून २४ लाख होतात. सगळं ओतूनही खड्डा भरत नाही. वहिनींच्या शिलाईचे पैसे मी मुद्दाम धरले नाहीत, कारण पहिल्या वाईट महिन्यात तेच उपयोगी पडणार आहेत.

आता तो पीएफ न हलवता काय होतो ते बघा. सध्याचा व्याजदर ८.२५ टक्के आहे. तो तसाच राहिला आणि तुम्ही ५८ पर्यंत नोकरीत राहिलात, तर १७ लाखांचे आणि दरमहा पडणाऱ्या वर्गणीचे मिळून ३४ लाखांच्या आसपास होतात. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतात. निवृत्त झालेल्याला त्यासाठी साठीची वाट बघावी लागत नाही. ५५ नंतर निवृत्तीचा पैसा हातात आल्यापासून तीन महिन्यांत तो त्यात घालायचा असतो. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार पडतात, आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. तुमचा घरखर्च २४ हजार आहे. मित्राच्या मशीन तुमच्या म्हातारपणीचे हे साडेवीस हजार खाणार आहेत, हे डोळ्यांसमोर ठेवा. पीएफबरोबर मिळणारं पेन्शन आधार म्हणून लहान असतं. ते पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येतं, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. घाईत तोही अर्ज भरू नका.

मग शोध कसा घ्यायचा? नोकरीत राहून, एका हंगामाचा. यंदाच्या हंगामात मित्राकडे सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी बसा. एफडीतून जास्तीत जास्त १ लाख काढा, आणि तेही भांडवल म्हणून नको. एका ठरावीक ऑर्डरच्या कापडासाठी द्या, लेखी, त्या ऑर्डरच्या नफ्यातल्या वाट्यावर. हा लाख बुडाला तर तो शिकण्याची फी समजायचा, म्हणूनच तो एवढाच ठेवायचा. वहिनींना सोबत न्या. टाक्याची सफाई आणि कारागिराचा वेग त्यांना तुमच्याआधी कळेल. आणि त्याच्या वहीत तीन गोष्टी बघा: मागच्या हंगामाची उधारी आज किती येणं आहे, एकाच शाळेवर किंवा एकाच दुकानावर अर्ध्याहून जास्त धंदा टेकलाय का, आणि मित्र स्वतः दरमहा घरी किती नेतो. तिसऱ्या प्रश्नावर तो विषय बदलू लागला, तर तेच उत्तर समजा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी हा प्रश्न पैसे दिल्यानंतर विचारला होता. मालक स्वतः दोन वर्षं बायकोच्या पगारावर जगत होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

सुरू करण्याआधी नोकरीचं नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरा व्यवसाय करण्यास मनाई असू शकते. तशी असेल तर मालकाला विचारूनच पाऊल टाका. युनिफॉर्मची टॉवेलशी स्पर्धा नाही, त्यामुळे विचारायला संकोच नको.

आता तारीख. दोन वर्षांनी मुलीची फी थांबेल. तेव्हापासून ते साडेबारा हजार दरमहा एका वेगळ्या खात्यात टाका. घराचं कर्ज याच हप्त्याने साधारण साडेपाच वर्षांत, म्हणजे तुमच्या साडेछप्पन्नाव्या वर्षी संपतं. तोवर त्या खात्यात व्याज सोडून सव्वापाच लाख साठतील, एफडीचे ३ लाख उरलेले असतील, आणि आजच्याच पगारावर मोजली तरी ग्रॅच्युइटी ४ लाख होईल. एकूण १२ लाखांच्या वर. हप्ता आणि फी गेल्यावर घराला महिन्याला २४ हजारच लागतील. महागाईने खर्च वाढेल, तसा पगारही वाढेल, म्हणून मी दोन्ही आजच्या आकड्यांतच धरलेत. दोन वर्षांचे पावणेसहा लाख बाजूला ठेवले तरी धंद्यात घालायला ६ लाख मोकळे राहतात, पीएफला हात न लावता. नोकरी सोडल्यावरही त्या पीएफवर ५८ पर्यंत व्याज मिळत राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

साडेछप्पन्नला बस्तान बसवायला उशीर झाला असं वाटेल. पण धंद्याला ५८ ची अट नाही. नोकरीची निरवानिरव आणि नव्या कामाचं बस्तान ही दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि तोवर तुमच्या पाठीशी चार-पाच हंगाम पाहिल्याचा अनुभव असेल. मित्र तेवढं थांबणार नाही हे शक्य आहे. मग दुसरं युनिट बघता येईल. सोलापुरात युनिफॉर्मचं काम एकाच घरात नाही.

एक गोष्ट तेव्हाही सोडू नका. साध्या भागीदारी फर्ममध्ये फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोहोचतं, मग वाटा निम्मा असला तरी. १९३२ च्या कायद्यापासून ते तसंच आहे. मित्राने कापडाची उधारी थकवली तर व्यापारी तुमच्या घराच्या दारातही येऊ शकतो. म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा. तिथे तुमची जबाबदारी साधारणपणे घातलेल्या पैशापुरती राहते. वैयक्तिक हमीवर सही मात्र कुठेही करू नका, नाहीतर एलएलपीचा उपयोग उरत नाही.

यंदाची ऑर्डर घेण्याआधी मित्राची मागच्या दोन हंगामांची उधारीची वही आणि तुमचं नेमणूकपत्र मला पाठवा. आपण दोन्ही एकत्र बसून वाचू.