पाच मिनिटांत इंडेक्स : सूची फाडलेलं पुस्तक

प्रश्न : आमच्या ऑफिसात दर महिन्याला पाच-पाच मिनिटांची झटपट भाषणं होतात. समोर विक्री, हिशेब, मनुष्यबळ अशा विभागांतली मंडळी असतात. ‘डेटाबेस इंडेक्स म्हणजे काय’ हे मला पुस्तकाच्या उदाहरणाने सांगायचंय. संहिता कशी लिहू?

स्लाइड नको. मागे शब्दसूची असलेलं एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन उभे राहा आणि साधारण असं बोला :

“हे ६०० पानांचं खगोलशास्त्राचं पुस्तक. धूमकेतूंबद्दल यात जिथे जिथे लिहिलंय, ते सगळं मला हवंय. शेवटची सूची कुणीतरी फाडून नेली आहे असं समजा. काय कराल? पहिल्या पानापासून वाचायला लागाल. ४१व्या पानावर धूमकेतू सापडला. आता थांबाल?

नाही थांबता येत. पुढे आणखी कुठे उल्लेख असला तर? म्हणजे शेवटचं पान उलटेपर्यंत सुटका नाही. ‘या ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरी दाखव’ असं तुम्ही सिस्टिमला सांगता आणि इंडेक्स नसतो, तेव्हा डेटाबेस नेमकं हेच करतो. एकूण एक ऑर्डर काढून बघतो. स्क्रीनवर चक्र गरगरत असतं तेव्हा आत ही पानं उलटणं चालू असतं.

आता सूची परत जोडू. शब्द अकारविल्हे लावलेत. मी मधेच कुठेतरी उघडलं, ‘प’ आला. ‘ध’ त्याच्या आधी, म्हणून मागे गेलो. दोन-तीन उड्यांत सापडलं : ‘धूमकेतू – ४१, २१८, ३९७’. तीन पानं उघडली, काम संपलं. शिवाय चौथा आकडा नाही, म्हणजे चौथा उल्लेखही नाही, हे बाकीचं पुस्तक न वाचताच कळलं.

ही करामत क्रमाची आहे. दर उडीला उरलेली निम्मी यादी बाद करता येते. अशी निम्मी-निम्मी करत गेलं तर १० लाख नोंदींतून हवी ती नोंद २० पावलांत हाती लागते. नोंदी २० लाख झाल्या तर पावलं ४० होत नाहीत, २१ होतात.

इंडेक्स म्हणजे एवढंच. मूळ माहिती आहे तिथेच राहते. बाजूला क्रमाने लावलेली एक यादी असते आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मूळ नोंदीचा पत्ता असतो.”

पानं उलटत, सावकाश बोललात तर तीनेक मिनिटं होतात. ‘आता थांबाल?’ विचारल्यावर मात्र खरंच गप्प बसा. बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि दोन क्षणांनी त्यांचं त्यांनाच उमगतं. सगळं भाषण त्या दोन क्षणांवर उभं आहे. ‘बी-ट्री’ हा शब्द घरी ठेवून या. प्रत्यक्षातला इंडेक्स निम्म्याऐवजी एकेका पायरीला शेकडो वाटांमधून एक निवडतो, पण या श्रोत्यांना त्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : मागच्या सूचीऐवजी पुढची अनुक्रमणिका दाखवली तर? ती सगळ्यांच्या ओळखीची असते.

दाखवू नका, गोंधळ होईल. अनुक्रमणिका पुस्तकाच्या पानांच्या क्रमानेच जाते आणि पानं एकाच क्रमाने बांधता येतात. मागच्या सूच्या हव्या तेवढ्या असू शकतात : एक व्यक्तींची, एक स्थळांची, एक विषयांची. ऑर्डरींच्या एकाच तक्त्यावर ग्राहकाप्रमाणे एक आणि तारखेप्रमाणे दुसरा इंडेक्स असतो, तो या मागच्या सूच्यांसारखा.

प्रश्न : भाषण झाल्यावर हिशेब विभागातल्या एकाने विचारलं, “इतकं सोपं आहे तर सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स का नाही टाकत?” मला नीट उत्तर देता आलं नाही.

प्रश्न रास्त आहे, आणि पुस्तकाची उपमा नेमकी इथे तोकडी पडते. छापलेलं पुस्तक पूर्ण झालेलं असतं. सूची एकदा केली की झालं. डेटाबेस हे दिवसभर लिहिलं जाणारं पुस्तक आहे. ऑर्डरींच्या तक्त्यावर आठ इंडेक्स असतील, तर एक नवी ऑर्डर टाकताना मूळ नोंद एक आणि तिच्यापायी आठ याद्यांत आठ नोंदी, त्याही आपापल्या क्रमाने योग्य जागी. शोध चटकन होतो, ‘सेव्ह’ रेंगाळतं. म्हणून जिथे लोक वारंवार शोधतात तिथेच इंडेक्स टाकतात.

दुसरं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. सूचीत ‘आणि’ हा शब्द कधी पाहिलाय? तो जवळपास प्रत्येक पानावर आहे. त्याच्यापुढे ६०० आकडे छापून उपयोग काय? सूची बघ, पान उघड, परत सूचीकडे ये, असं ६०० वेळा करण्यापेक्षा पुस्तक सरळ वाचलेलं बरं. ग्राहकांच्या तक्त्यात ‘स्थिती’ या रकान्यात ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोनच किमती असतील आणि बहुतेक सगळे ‘चालू’ असतील, तर ‘चालू’ शोधताना डेटाबेस इंडेक्स असूनही तो बाजूला ठेवतो आणि तक्ता सरळ वाचत सुटतो. हा बिघाड नव्हे, हिशेब आहे. तोच इंडेक्स मोजक्या ‘बंद’ ग्राहकांसाठी मात्र कामाला येतो.

प्रश्न : मोबाइल नंबरवर इंडेक्स आहे. पूर्ण नंबर टाकला की ग्राहक लगेच सापडतो, पण शेवटचे चार अंक टाकले की सिस्टिम अडते. विक्रीची माणसं म्हणतात, “तुमचा इंडेक्स बिघडलाय.” काय सांगू?

पुस्तक पुन्हा हातात द्या आणि म्हणा, “‘केतू’ने संपणारे सगळे शब्द सूचीतून काढून दाखवा.” सूची आहे, क्रमही आहे, तरी ती पूर्ण वाचावी लागेल, कारण क्रम शब्दाच्या सुरुवातीपासून लावलाय. तुमच्या नंबरांचं तेच झालंय.

खात्री करायची तर पोस्टग्रेसमध्ये प्रश्नाच्या आधी `EXPLAIN` लावा :

```sql
EXPLAIN SELECT * FROM customers
WHERE mobile LIKE '%4821';
```

उत्तरात `Seq Scan` दिसलं की समजा, पहिल्या पानापासून वाचन चाललंय. (मोठ्या तक्त्यावर `Parallel Seq Scan` दिसेल, पुस्तक तेच, वाचणारे जास्त.) उपाय म्हणजे शेवटच्या चार अंकांची वेगळी सूची :

```sql
CREATE INDEX customers_last4
ON customers (right(mobile, 4));
```

यानंतर प्रश्नही त्याच शब्दांत विचारावा लागतो : `WHERE right(mobile, 4) = '4821'`. जुना `LIKE` तसाच ठेवलात तर नवी सूची कुणी उघडणारच नाही, आणि लोक नेमके इथेच चुकतात.

चार अंकांच्या १०,००० जोड्या होतात. ग्राहक १० लाख असतील तर एका जोडीला सरासरी शंभर ग्राहक येतील. शोध झटपट होईल, पण यादी शंभरांची असेल. तेव्हा विक्रीच्या मंडळींना चार अंकांसोबत नावही विचारायला सांगा, किंवा सरळ सहा अंक घ्या : तेवढ्यात सरासरी एकच ग्राहक उरतो. मात्र मग इंडेक्स आणि प्रश्न दोन्हीकडे ४च्या जागी ६ करायला विसरू नका.