सासूबाईंना ‘आत्या’ का?

प्रश्न (मूळ इंग्रजीतून): ‘माझे पती बेळगावजवळचे. थोरल्या जाऊबाई सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. मी शिकले ते असं की आत्या म्हणजे वडिलांची बहीण, मामा म्हणजे आईचा भाऊ. मग हे कसं?’

जाऊबाई अगदी बरोबर बोलतात. चुकतात ते आत्याच्या नवऱ्यालाही सरसकट ‘काका’ म्हणणारे, आणि हल्ली बेळगाव-खानापुरातही हेच कानावर येतं. काका म्हणजे बापाचा भाऊ. मावशीच्या नवऱ्याला काका म्हटलेलं चालतं, कारण मावशी आईच्या जागी. आत्याचा नवरा मात्र आपल्याकडे मामाच.

आता गंमत बघा. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची जुनी रीत. मुलीच्या बाजूने हिशेब मांडा: तिचा नवरा तिच्या आत्याचा मुलगा. म्हणजे सासू कोण? सख्खी आत्या. सासरा आत्याचा नवरा, म्हणून मामा. मुलाची सासुरवाडीही तशीच, सासरा मामा आणि सासू मामी. पुढे नात्याबाहेर लग्नं होऊ लागली तरी हाक तीच राहिली. म्हणूनच मामे आणि आते भावंडांत सोयरीक जमते, चुलत-मावस मात्र सख्ख्यासारखी भावंडं.

शेजारच्या कन्नड घरात डोकावा. तिथे ‘अत्ते’ म्हणजे बापाची बहीण, मामाची बायको आणि सासू, तिघीही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. सख्खा मामा वेगळा सांगायचा तर ‘सोदरमाव’ म्हणतात. तेलुगूत अत्त, तमिळमध्ये अत्तै. आपली आत्या याच घरातली, असं माझं ठाम मत आहे.

संस्कृत कोशातला ‘अत्ता’ दाखवून काही पंडित ती संस्कृतातून आणतात. मग हे सांगा: मातृष्वसेपासून मराठीला मावशी मिळाली, हिंदीला मौसी. पितृष्वसेचं मराठीत काय झालं? ती जागा आत्याने घेतली. उत्तरेकडे बुआ, फूफी, गुजरातीत फोई. आत्या दक्षिणेच्या शेजाराची. प्राकृतात ‘अत्ता’चा अर्थ सासू असाही होतो. गाथासप्तशतीतली वाटसरूला ‘अत्ता इथे निजते’ म्हणून सांगणारी सून सासूबद्दलच बोलते. एकाच शब्दात आत्या आणि सासू नांदतात ते आते-मामे लग्नाच्या मुलखातच, आणि तो मुलूख कृष्णेच्या दोन्ही तीरांना आहे.

सासूला आत्या म्हणणं खेडवळ, असं पुण्याकडची काही मंडळी सुनावतात. त्यांच्याच आज्या सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत. तो मामा कुठून आला?

तुमच्या नवऱ्याला आत्या असेल तर तिच्या यजमानांनाही मामाच म्हणा. सासऱ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून पुढे गावाचं नाव जोडतात: निपाणीचे मामा, चिकोडीचे मामा.