टॉवरवरून फोनचा ठावठिकाणा: नेमकं किती कळतं?

प्रश्न: मी जीपीएस कायम बंद ठेवतो. तरी कंपनीला मी कुठे आहे ते कळतं म्हणतात. नुसत्या टॉवरवरून किती नेमकं कळतं?

कळतं, कारण फोन कुठल्या टॉवरशी बोलतोय हे ठाऊक असल्याशिवाय कंपनी तुमचा कॉल जोडूच शकत नाही. पण किती नेमकं, ते त्या क्षणी फोन काय करतोय यावर ठरतं.

फोन नुसता पडून असेल तर नेटवर्कला फक्त बऱ्याच टॉवरचा मिळून एक मोठा पट्टा माहीत असतो. कॉल आला की त्या पट्ट्यात हाक दिली जाते आणि फोन उत्तर देतो. मात्र स्मार्टफोन असा फार वेळ शांत नसतो. मेसेज, ईमेल, अ‍ॅपच्या सूचना यांसाठी तो सारखा जोडला जातो, आणि दरवेळी नेमका सेल, म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचा टापू, उघड होतो.

टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात, प्रत्येकाकडे साधारण १२० अंश. म्हणजे दिशा ढोबळमानाने कळली. अंतर कळतं ते टायमिंग अ‍ॅडव्हान्समुळे. लांबच्या फोनचा सिग्नल उशिरा पोहोचतो, म्हणून टॉवर त्याला किती आधी पाठवायचं ते सांगतो. ४जीमध्ये या आकड्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरची असते. समजा आकडा १४ आला, तर फोन टॉवरपासून अंदाजे ११०० मीटरवर आहे. पण त्या अंतरावरचा १२० अंशांचा कंस सुमारे २.३ किलोमीटर लांब भरतो. तुम्ही या अरुंद, लांबलचक पट्टीवर कुठेही असू शकता. जुन्या २जीमध्ये पायरीच सुमारे ५५० मीटरची होती, त्यामुळे पट्टी खूपच रुंद. शेजारचे टॉवर किती जोरात ऐकू येतात तेही फोन कळवत असतो, आणि त्यावरून ही पट्टी आणखी छाटता येते. सिग्नल इमारतींवर आपटून आला तर त्याची वाट लांबते आणि फोन आहे त्यापेक्षा दूर भासतो.

लोक गफलत करतात ती पुढे. कॉलच्या नोंदीत, म्हणजे सीडीआरमध्ये, सहसा हे अंतर नसतंच. असतो तो सेलचा क्रमांक, वेळ, कोणाशी बोलणं झालं, आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. त्या नोंदीवरून नकाशावर दिसणारा ठिपका टॉवरचा असतो, तुमचा नव्हे. शिवाय फोन सर्वांत जवळच्या टॉवरलाच चिकटेल असंही नाही. जवळच्यावर गर्दी असेल किंवा मध्ये टेकडी असेल, तर तो दूरचा पकडतो. म्हणून एकाच जागी बसलेल्या माणसाच्या नोंदीत दोन-तीन सेल आलटून पालटून दिसले, तर तो फिरला असं समजू नये.

जीपीएसचं बटण यातलं काहीच थांबवत नाही. एअरप्लेन मोड रेडिओ बंद करतो, पण आधीच्या नोंदी कंपनीकडे राहतातच.