६०:४० पोर्टफोलिओचा स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना

प्रश्न: इंडेक्स फंड ६०%, सोनं ४०%. अपेक्षित परतावा १२% आणि ८%, स्टँडर्ड डेव्हिएशन २०% आणि १५%, कोरिलेशन ०.१ असं गणितात दिलंय. परतावा १०.४% आला तो बरोबर आहे, पण एसडी मला १८% येतोय आणि उत्तरात १३.९४% आहे. कुठे चुकतंय?

उत्तर:

परतावा तुम्ही भारित सरासरीने काढलात, ते ठीकच. दोन्हींत पैसा लावला की दोघांचा परतावा आपापल्या वाट्याने बेरजेत येतो, मग ते एकत्र हलोत की उलटसुलट. कोरिलेशनचा तिथे संबंधच नाही.

एसडीलाही तुम्ही तोच नियम लावलात: ०.६ × २० अधिक ०.४ × १५, म्हणजे १२ + ६ = १८. असं करण्याचा अर्थ, शेअर ज्या दिवशी आपटतात त्याच दिवशी सोनंही त्याच प्रमाणात आपटतं असं गृहीत धरणं. कोरिलेशन १ असेल तरच ते खरं. इथे ते ०.१ आहे, त्यामुळे एकाची घसरण बऱ्याचदा दुसऱ्याने थोडीफार भरून निघते आणि एकूण चढउतार कमी होतो.

म्हणून बेरीज एसडीची न करता व्हेरिअन्सची करायची आणि शेवटी वर्गमूळ घ्यायचं. मी आधी वजन गुणिले एसडी हे दोन आकडे काढून बाजूला लिहून ठेवतो, इथे १२ आणि ६. पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतं. १२ चा वर्ग १४४, ६ चा वर्ग ३६, आणि तिसरं पद २ × ०.१ × १२ × ६ = १४.४. बेरीज १९४.४, वर्गमूळ १३.९४. एक्सेलमध्ये B2, C2 मध्ये वजनं, B3, C3 मध्ये एसडी आणि B4 मध्ये कोरिलेशन टाकलं तर:

```
=SQRT((B2*B3)^2+(C2*C3)^2+2*B4*B2*B3*C2*C3)
```

या गणितात सर्वाधिक विसरला जातो तो तिसऱ्या पदातला २. तो राहिला तर उत्तर १३.६८ येतं, आणि ते इतकं जवळचं असतं की नजरेला खटकत नाही. उत्तर ६ (म्हणजे १२ − ६) आणि १८ यांच्या मधेच यायला हवं ही नेहमीची तपासणीही इथे कामाची नाही, कारण १३.६८ त्यात आरामात बसतं. त्यापेक्षा कोरिलेशनच्या जागी १ टाकून बघा. सूत्र बरोबर मांडलं असेल तर उत्तर नेमकं १८ यायला हवं. २ विसरला असेल तर १५.८७ येतं आणि चोर लगेच सापडतो. परीक्षेत अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी गडबड को-व्हेरिअन्सची. काही गणितांत कोरिलेशनऐवजी को-व्हेरिअन्स देतात. इथे तो ०.१ × २० × १५ = ३० आला असता, किंवा दशांशात ०.००३. त्यात दोन्ही एसडी आधीच गुणलेले असतात, त्यामुळे तिसरं पद फक्त २ × ०.६ × ०.४ × ३० = १४.४ एवढंच. पुन्हा एसडीने गुणलंत तर आकडा भलतीकडेच जातो. टक्के आणि दशांश यांची भेसळही करू नका: २० वापरायचे तर सगळीकडे टक्के, ०.२० वापरायचे तर सगळीकडे दशांश.

आता उत्तराकडे जरा नीट बघा. नुसतं सोनं घेतलं असतं तर एसडी १५% होता. त्यात त्याहून जास्त हलणारा इंडेक्स फंड ६०% मिसळला, तरी एकूण १३.९४%, म्हणजे दोघांपेक्षाही कमी! हॅरी मार्कोविट्झने १९५२ मध्ये मांडलेल्या विचाराचं मर्म मला तरी इथेच दिसतं. पण हे दर वेळी होईलच असं नाही. याच वजनांवर व्हेरिअन्स १८० + १४४ × कोरिलेशन होतो, आणि तो २२५ च्या खाली राहायला कोरिलेशन साधारण ०.३१ पेक्षा कमी हवं. ०.६ असतं तर एसडी १६.३२% आला असता, सोन्यापेक्षा जास्त.

म्हणजे सगळी भिस्त त्या एका आकड्यावर, आणि पाठ्यपुस्तकाबाहेर तोच सर्वांत चंचल. मार्च २०२० मध्ये शेअर कोसळत असताना मधले काही दिवस सोनंही पडलं, कारण रोख रकमेसाठी लोक मिळेल ते विकत होते. स्वतःच्या पैशासाठी हिशोब करत असाल तर ०.१ सोबत ०.५ टाकूनही एसडी काढा. या वजनांवर तो १५.८७% येतो. (हो, २ विसरल्यावर कोरिलेशन १ ला आलेलाच आकडा. २ × ०.५ म्हणजे १, त्यामुळे दोन्हीकडे तिसरं पद ७२.) आणि कोरिलेशन एक्सेलच्या `CORREL` ने काढणार असाल तर त्याला भाव देऊ नका, महिन्याचे परतावे द्या. दोन्ही भाव वर्षानुवर्षं वर चढत गेलेले असले की भावांवरचं कोरिलेशन ०.८-०.९ सुद्धा दाखवतं, परताव्यांचा एकमेकांशी संबंध नसला तरी.