स्पेंड, वर्थ, गोनंतर रिकाम्या जागी ‘आयएनजी’ की ‘टू’?

प्रश्न: रिकाम्या जागा भरताना ‘शी स्पेंट टू अवर्स ___ (सॉल्व्ह) द पेपर’ इथे ‘टू सॉल्व्ह’ का चालत नाही?

कारण स्पेंड आणि वेस्ट यांच्यापुढे आधी वेळ किंवा पैसा येतो आणि मग थेट आयएनजी रूप: ‘शी स्पेंट टू अवर्स सॉल्व्हिंग द पेपर’. आपण मनात ‘पेपर सोडवायला दोन तास घालवले’ म्हणतो आणि त्या ‘-यला’मुळे हात आपोआप ‘टू’कडे जातो. परीक्षक नेमकी हीच सवय पकडतात. मात्र कर्ता ‘इट’ आणि क्रियापद ‘टेक’ असेल, तर उलट: ‘इट टुक हर टू अवर्स टू सॉल्व्ह द पेपर’. म्हणून कंसातल्या शब्दाआधी मागचं क्रियापद बघा. पुढे नाम असेल तर ‘ऑन’ लागतं: ‘स्पेंट मनी ऑन बुक्स’.

वर्थचंही तसंच, पण त्यात एक खाच आहे. ‘रायगड इज वर्थ ___ (व्हिजिट)’ इथे ‘व्हिजिटिंग’ लिहून थांबायचं. ‘टू व्हिजिट’ नाही, ‘बीइंग व्हिजिटेड’ नाही आणि शेवटी ‘इट’ही नाही, कारण रायगड आधीच कर्त्याच्या जागी बसलाय. ‘इट इज वर्थ व्हिजिटिंग रायगड’ हेही बरोबर.

गोचा नियम फक्त पोहणं, खरेदी, मासेमारी अशा उद्योगांपुरता: ‘वी गो स्विमिंग’. मध्ये ‘टू’ घालून ‘गो टू स्विमिंग’ केलंत की गुण गेला. ‘गो स्टडीइंग’ मात्र कुणी म्हणत नाही.