चार टक्क्यांचा फरक आणि चौदा पट धोका

प्रश्न: डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा १९५० चा निबंध वाचतोय. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या पुरुषांत ९९.७ टक्के धूम्रपान करणारे, न झालेल्यांत ९५.८ टक्के. फरक जेमतेम चार टक्के! मग ‘चौदा पट धोका’ म्हणतात तो कुठून आला? आणि सिगारेटची ओढ व कॅन्सर दोन्ही जन्मजातच असतील तर?

उत्तर:

तुम्ही ओढणाऱ्यांकडे बघताय. एकदा न ओढणाऱ्यांकडे बघा.

कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांपैकी कधीच न ओढणारे होते २. इतर आजारांसाठी दाखल झालेल्या ६४९ पुरुषांपैकी कधीच न ओढणारे होते २७. चौदा पट लपलेलं आहे ते इथे. त्या काळी ब्रिटनमधले जवळजवळ सगळेच पुरुष ओढत होते, त्यामुळे ओढणाऱ्यांची टक्केवारी दोन्हीकडे शंभराला टेकलेली, आणि तिथे फरक दिसायला जागाच उरलेली नाही.

पण २७ भागिले २ म्हणजे साडेतेरा, म्हणून चौदा पट, असं म्हणून पुढे जाऊ नका. मी हा तक्ता दर वर्षी विद्यार्थ्यांना देते आणि निम्मा वर्ग एकाच ठिकाणी घसरतो. विद्यार्थिनी असताना मीही तिथेच घसरले होते.

सहज सुचणारं गणित असं: अभ्यासात ओढणारे एकूण ६४७ अधिक ६२२, म्हणजे १,२६९. त्यांतल्या ६४७ जणांना कॅन्सर, म्हणजे ५१ टक्के. न ओढणारे एकूण २९, त्यांतल्या दोघांना कॅन्सर, म्हणजे सुमारे ७ टक्के. ५१ ला ६.९ ने भागलं की ७.४. झाला सापेक्ष धोका, म्हणजे ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या किती पट ते! मी हेच उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने फळ्यावर लिहिलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, “ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना कॅन्सर होतो, असं तुझं म्हणणं आहे का?”

अर्थातच होत नाही. ते ५१ टक्के निसर्गातून आलेले नाहीत, संशोधकांनी ठरवलेले आहेत. डॉल आणि हिल यांनी लंडनमधल्या वीस रुग्णालयांतून कॅन्सरचे रुग्ण घेतले आणि प्रत्येकामागे त्याच लिंगाचा, त्याच पाच वर्षांच्या वयोगटातला, दुसऱ्या आजाराचा एक रुग्ण जोडीला घेतला. हे जोडीला घेतलेले रुग्ण म्हणजे कंट्रोल गट. म्हणजे निम्म्यांना कॅन्सर असणार हे पहिली मुलाखत घेण्याआधीच पक्कं होतं. यालाच केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात: आजारापासून सुरुवात करायची आणि मागे वळून सवय विचारायची. ‘ओढणाऱ्यांपैकी किती जणांना कॅन्सर होतो’ हा प्रश्न या अभ्यासाला विचारताच येत नाही. त्याला फक्त उलटा प्रश्न कळतो: कॅन्सर झालेल्यांपैकी किती जण ओढत होते?

समजा जोडीला एकाऐवजी दोन-दोन रुग्ण घेतले असते आणि त्यांच्यातलं ओढणाऱ्यांचं प्रमाण तेच निघालं असतं. म्हणजे कंट्रोल गटात १,२४४ ओढणारे आणि ५४ न ओढणारे. आता तेच भाबडं गणित केलं तर उत्तर ७.४ ऐवजी ९.६ येतं. दहा-दहा रुग्ण घेतले असते तर १२.८. माणसांच्या फुफ्फुसांत काहीही बदललेलं नाही, फक्त आपण जास्त मुलाखती घेतल्या, आणि ‘धोका’ वाढत गेला. जो आकडा संशोधकाच्या हौसेवर हलतो, तो धोका नव्हे.

आता तिरका गुणाकार करा:

```
(647 × 27) ÷ (622 × 2) = 14.04
```

हा ऑड्स रेशो: कॅन्सरच्या गटात एका न ओढणाऱ्यामागे किती ओढणारे, भागिले कंट्रोल गटात एका न ओढणाऱ्यामागे किती ओढणारे. कंट्रोल दुप्पट केले तर २७ चे ५४ होतात आणि ६२२ चे १,२४४. वर-खाली दोन्हीकडे दोन, उत्तर पुन्हा १४. दहापट केले तरी १४. केस-कंट्रोल अभ्यासात हाच आकडा का वापरतात ते एवढ्यावरून कळतं. आणि भाबडं उत्तरही ७.४, ९.६, १२.८ असं हळूहळू १४ कडेच सरकतंय, हे लक्षात आलं असेल. कंट्रोल वाढवत नेले की कॅन्सरचे रुग्ण एकूण गर्दीत थोडेसे उरतात, जसे ते खऱ्या लोकसंख्येत असतात. आजार दुर्मीळ असला की ऑड्स रेशो आणि सापेक्ष धोका जवळजवळ एकच होतात. आजार सर्रास आढळणारा असेल, तर मात्र ऑड्स रेशोला ‘इतके पट धोका’ म्हणणं म्हणजे फुगवून सांगणं. बातम्यांमध्ये ही चूक हमखास सापडते.

बरं, हा १४ कितपत भरवशाचा? सगळा डोलारा त्या दोन माणसांवर उभा आहे. आणखी दोघांनी ‘मी कधीच ओढली नाही’ असं सांगितलं असतं, तर २ चे ४ होऊन उत्तर थेट ७ वर आलं असतं. ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, काढली तर ती साधारण ३.३ पासून ५९ पर्यंत पसरते. जोड्या न धरता, साध्या सूत्राने काढलेली आहे ही, पण अंदाजाला पुरे. तेव्हा ‘चौदा’ हा आकडा मुठीत घट्ट धरू नका. धोका वाढतो हे पक्कं, किती पट ते मात्र ढिलं.

माझा स्वतःचा विश्वास त्या १४ पेक्षा त्याच निबंधातल्या दुसऱ्या तक्त्यावर जास्त आहे. त्यात न ओढणाऱ्यांचा संबंधच नाही, फक्त ओढणारे पुरुष आहेत. आजारी पडण्याआधी दिवसाला २५ किंवा त्याहून जास्त ओढणारे कॅन्सरच्या गटात १६८, कंट्रोल गटात ८४. बरोब्बर दुप्पट. दिवसाला एक ते चार ओढणारे मात्र कॅन्सरच्या गटात ३३ आणि कंट्रोल गटात ५५. मधल्या पायऱ्यांवरही क्रम मोडत नाही. इथे सगळे आकडे दोन अंकी किंवा तीन अंकी आहेत, दोन माणसांनी इकडेतिकडे केल्याने काही बिघडत नाही.

केस-कंट्रोल अभ्यासाची खरी दुखणी वेगळी आहेत. मुलाखत घेणाऱ्याला रुग्णाचं निदान माहीत असेल तर तो कॅन्सरवाल्याला जरा जास्तच खोदून विचारतो. डॉल आणि हिल यांना ही धास्ती होती आणि त्यांना एक सुंदर तपासणी सापडली. काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं मानलं होतं आणि ते निदान पुढे चुकीचं ठरलं. मुलाखतकारांच्या कलाचा परिणाम असता, तर या लोकांच्याही सिगारेटी जास्त भरल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांच्या सवयी कंट्रोल गटासारख्याच निघाल्या. दुसरं दुखणं कंट्रोल गटाचं: रुग्णालयात पडलेला माणूस सर्वसामान्य माणसाचा प्रतिनिधी असतोच असं नाही. पण धूम्रपानामुळे इतरही आजार होत असतील, तर कंट्रोल गटात ओढणारे आधीच जास्त असणार आणि फरक उलट कमी दिसणार.

या शंका टाळायच्या तर घड्याळ पुढे चालवायला हवं. म्हणून १९५१ मध्ये त्याच दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. ४० हजारांहून जास्त उत्तरं आली. सवय आधी नोंदवली, मग कोण कशाने मरतं याची वाट पाहिली. हा कोहॉर्ट अभ्यास. यात वेळ जातो, माणसं खूप लागतात, पण केस-कंट्रोलमध्ये जे मिळत नाही ते इथे मिळतं: खरा धोका, दर हजारी दर वर्षी. पहिल्या दहा वर्षांच्या अहवालात फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू, न ओढणाऱ्यांत हजारी ०.०७ आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हजारी १.३०. म्हणजे साडेअठरा पटीच्या आसपास. मागे बघून काढलेला १४ आणि पुढे बघून काढलेला हा आकडा एकाच घरातले आहेत.

त्याच अहवालात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू न ओढणाऱ्यांत हजारी ७.३२ आणि ओढणाऱ्यांत ९.५१. प्रमाण फक्त १.३ पट, किरकोळ वाटतं. पण वजाबाकी करा: कॅन्सरमध्ये हजारी १.२३ जादा मृत्यू, हृदयात हजारी २.१९. ‘किती पट’ आणि ‘किती जण’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि १९५० चा निबंध दुसऱ्याचं उत्तर देऊ शकत नव्हता.

आता तुमची जन्मजातवाली शंका. ती अगदी हीच, रोनाल्ड फिशर यांनी घेतली होती. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, स्वतः पाइप ओढणारे, आणि तंबाखू उद्योगाचे सल्लागार. त्यांचं म्हणणं, एकाच जनुकीय घडणीमुळे माणसाला ओढावंसं वाटतं आणि कॅन्सरही होतो. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात: दोघांमागे उभा असलेला तिसरा. वय हा असा तिसरा होऊ शकला असता, म्हणून तर जोड्या लावताना वयोगट जुळवला. पण जे मोजलेलंच नाही ते जुळवणार कसं?

१९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी याला साध्या गणिताने उत्तर दिलं. धरून चला की सिगारेट निरुपद्रवी आहे आणि सगळा दोष त्या अज्ञात गुणाचा. ओढणाऱ्यांत कॅन्सर १४ पट दिसायचा असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान १४ पट आढळायला हवा. न ओढणाऱ्यांत तो ५ टक्के असेल, तर ओढणाऱ्यांत निदान ७० टक्के हवा. न ओढणाऱ्यांत १० टक्के असेल, तर ओढणाऱ्यांत १४० टक्के हवा, जे अशक्यच. म्हणजे नुसतं ‘काहीतरी जन्मजात असेल’ म्हणून भागत नाही, ते काहीतरी प्रचंड एकतर्फी वाटलेलं असायला हवं. धोका १.३ पट असता तर मात्र हे गणित ढाल म्हणून कामाला आलं नसतं, कारण १.३ पट तफावत कुठल्याही बारीकसारीक गोष्टीत सापडते. छोट्या सापेक्ष धोक्याच्या अभ्यासांकडे मी जास्त संशयाने बघते ते यामुळेच.

डॉक्टरांच्या अभ्यासात पुढे एक गोष्ट घडली. निष्कर्ष वाचून खूप डॉक्टरांनी सिगारेट सोडली, आणि सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरत गेला. फिशरवादी यावरही म्हणू शकतो की ज्यांना सोडता येते तेच मुळात वेगळ्या घडणीचे. म्हणून सोडणारे-न सोडणारे अशी विभागणीच करू नका, सगळे डॉक्टर एकत्र घ्या. त्या वर्षांत डॉक्टरांमधलं फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या मृत्यूंचं प्रमाण घटलं आणि देशातल्या इतर पुरुषांत ते वाढत राहिलं. दहा-बारा वर्षांत एका अख्ख्या पेशाची जनुकं काही बदलत नाहीत.