लाकडाचा धूर आणि हिशेबातलं शून्य

लाकूड जाळलं की धूर डोळ्यांना दिसतो. मग त्याला कार्बन न्यूट्रल कोणत्या हिशेबानं म्हणतात?
— एक शिक्षक, औसा

वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो झाडानं हवेतूनच घेतलेला असतो. जाळलं की तोच परत जातो, नवं झाड पुन्हा घेतं. कोळशाचा कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. एवढा फरक खराच आहे.

सरकारी हिशेबातलं शून्य मात्र वेगळ्या कारणानं येतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या पद्धतीत झाड जिथं तोडलं, त्या देशाच्या जमीन-जंगलाच्या खात्यात कार्बनची घट लिहितात. धुराड्यापाशी पुन्हा लिहिली तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाईल, म्हणून ऊर्जेच्या खात्यात तो आकडा धरत नाहीत. ही नोंदीची सोय होती. पुढे तिलाच इंधनाचा गुण मानलं गेलं. ब्रिटनमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र अमेरिकेतून आणलेल्या लाकडी पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या, जाळतं. धूर ब्रिटनमध्ये निघतो, तोड अमेरिकेच्या वहीत जाते, आणि धुराड्यावर शून्याची पाटी राहते.

बांधावरची जुनी बाभूळ व्यापाऱ्याला विकली. तो म्हणाला, तिथंच रोप लावा, हिशेब मिटला. खरंच मिटतो का?
— एक शेतकरी, केज

मिटू शकतो, पण केव्हा, हे व्यापारी सांगत नाही. तुमच्या बाभळीचं वाळून एक टन लाकूड झालं असं धरू. ते जाळल्यावर सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढीच उष्णता दगडी कोळशातून घेतली असती तर दीड टनाच्या आसपास गेला असता. म्हणजे जाळलं त्या दिवशी लाकूड कोळशापेक्षा साधारण 300 किलोनं मागे आहे. लाकूड ओलं असेल तर आणखी मागे, कारण त्यातलं पाणी उडवण्यातच बरीच उष्णता जाते.

ही उधारी रोपानं फेडायची. रोप 25 वर्षांत जुन्या झाडाएवढं झालं असं माना. सरासरी वर्षाला 70 किलोच्या वर बसतात, म्हणजे कोळशाशी बरोबरी व्हायला चार-पाच वर्षं लागतील. पण कोरडवाहू बांधावरचं रोप पहिल्या वर्षांत सरासरीएवढं वाढत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. आणि पूर्ण शून्यावर यायला ती सगळी 25 वर्षं. दरम्यान शेळी चरली, किंवा 2016 सारखा उन्हाळा आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि रोप गेलं, तर 1.8 टन तसेच हवेत.

अजून एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमची बाभूळ अजून वाढत होती का? असेल, तर ती उभी राहून पुढे जेवढा कार्बन घेणार होती, तोही तोट्यात धरावा लागतो. तसं झालं तर कोळशाशी बरोबरीसुद्धा कितीतरी लांबते. उलट झाड उभ्यानंच वाळलेलं असेल, तर हळूहळू कुजून त्याचा कार्बन तसाही सुटणार होता; मग तुमचा व्यवहार बराच साफ आहे.

पऱ्हाटी नेऊन ब्रिकेट करणारे लोक येतात. तीही लाकडासारखीच की काय?
— एक वाचक, सिल्लोड

नाही, इथं दावा बराच खरा ठरतो. कपाशी दरवर्षी उगवते, त्यामुळे फेड एका हंगामाची. शिवाय ती पऱ्हाटी बांधावर पेटवलीच जाणार असेल, तर धूर तेवढाच निघणार. बॉयलरमध्ये गेली तर निदान तेवढा कोळसा वाचतो. गुलाबी बोंडअळीमुळे ती रानात उभी ठेवायचीही नसते.

पण कुट्टी करून तुम्ही ती मातीत घालत असाल तर गणित बदलतं. तिचा बहुतेक भाग कुजून हवेत जातो, तरी थोडा कार्बन जमिनीत टिकतो आणि आपल्या हलक्या रानाला त्याची गरज आहे. सगळीच पऱ्हाटी विकणं मला पटत नाही. गाडीचा खर्चही पाहा: काड्या हलक्या आणि जागा फार खातात, त्यामुळे लांब नेल्या की डिझेल वाढतं.

घरात गॅस आहे, पण सासूबाई चूल सोडत नाहीत. लाकूड निसर्गाचंच ना, म्हणतात.
— एक वाचक, परळी

साध्या चुलीत लाकडाची दहा-पंधरा टक्के उष्णताच भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त. त्यामुळे एक टन लाकडावर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढा गॅसवर सुमारे 200 किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये होतो. लाकडाचे मात्र तेच 1.8 टन. शिवाय अर्धवट जळण्यातून मिथेन आणि काजळी निघते, ती नवं झाड परत घेत नाही.

सासूबाई वेड्या बाभळीच्या फांद्या आणत असतील, ज्या छाटल्या की पुन्हा फुटतात, तर कार्बनपुरतं त्यांचं बरंचसं खरं आहे. उभं झाड तोडून जळण येत असेल, तर नाही. धूर मात्र दोन्ही वेळा त्यांच्याच छातीत जातो.